छोट्या खोलीचा रंग आणि शेड कार्डावरचा बारीक आकडा

रंगाच्या शेड कार्डावर, शेडच्या नावाखाली किंवा पानाच्या मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. त्याच्याआधी बहुतेक वेळा एलआरव्ही अशी तीन अक्षरं असतात. काही कार्डांवर तो नसतो, पण कंपनीच्या वेबसाइटवर शेडचा नंबर टाकला की बहुधा सापडतो. रंग निवडताना आपण शेडचं नाव वाचतो, तुकडा डोळ्यांसमोर धरतो आणि हा आकडा सोडून देतो. खोली छोटी असेल तर क्रम उलटा हवा. आधी आकडा, मग रंग, आणि नाव नाही वाचलं तरी चालेल.

त्या आकड्याचा अर्थ सोपा आहे. एखाद्या रंगावर प्रकाश पडला, तर डोळ्याला दिसणाऱ्या त्या प्रकाशापैकी साधारण किती टक्के तो रंग परत फेकतो, ते हा आकडा सांगतो. सगळा प्रकाश गिळणारा काळा म्हणजे ० आणि सगळा परत देणारा पांढरा म्हणजे १००. प्रत्यक्षात डब्यातला काळा रंग ४-५ च्या आसपास असतो आणि अगदी स्वच्छ पांढरा ९० च्या आगेमागे. दोन शेड एकमेकींपासून कितीही वेगळ्या दिसोत, एक फिकट हिरवी आणि दुसरी फिकट गुलाबी, दोघींचा आकडा ७० असेल तर खोलीला त्या जवळपास सारखाच प्रकाश परत देतील.

छोट्या खोलीकडून आपण दोन गोष्टी मागतो. ती मोठी वाटावी आणि शांत वाटावी. बोलताना या दोन्ही एकाच वाक्यात येतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. मोठेपणा येतो तो मुख्यतः खोलीत किती प्रकाश फिरतो त्यावरून. शांतपणा येतो तो नजर किती ठिकाणी अडखळते त्यावरून. शुभ्र पांढरा लावूनही काही खोल्या अस्वस्थ का वाटतात, याचं उत्तर इथे आहे. तिथे पहिलं काम झालेलं असतं, दुसरं राहिलेलं असतं. बऱ्याचदा पहिलंही अर्धंच झालेलं असतं, ते कसं ते आता बघू.

खिडकीतून आलेला प्रकाश एकदा भिंतीवर पडून संपत नाही. तो टप्पे घेतो. खिडकीतून जमिनीवर, जमिनीवरून छतावर, छतावरून समोरच्या भिंतीवर, तिथून कपाटावर. प्रत्येक टप्प्याला थोडा प्रकाश गिळला जातो आणि उरलेला पुढे जातो. खिडकीपासून लांबचे कोपरे या टप्प्यांच्या प्रकाशावरच जगतात. कोपरा अंधारात गेला की त्याच्यामागची जागाही नजरेच्या हिशेबातून जाते.

टप्प्यांचा हा प्रकाश किती होईल याचा ढोबळ हिशेब करता येतो. खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांच्या एलआरव्हीची, क्षेत्रफळ लक्षात घेऊन, सरासरी काढायची. ती टक्क्यांऐवजी दशांशात लिहायची, म्हणजे ६० असेल तर ०.६०. मग त्या सरासरीला (१ वजा सरासरी) ने भागायचं. सरासरी ०.५० असेल तर उत्तर १ येतं. ०.७० असेल तर २.३ आणि ०.८० असेल तर ४. सरासरी थोडी वाढली की टप्प्यांचा प्रकाश त्याहून खूप जास्त वाढतो, कारण प्रत्येक टप्प्याला वाचलेला प्रकाश पुढच्या टप्प्याला पुन्हा कामी येतो.

आता एक खोली घेऊ. १० फूट लांब, ९ फूट रुंद, ९ फूट उंच. एका बाजूला ४ बाय ४ ची खिडकी, ३ बाय ७ चं एक दार, आणि ६ फूट रुंद, ७ फूट उंच असं भिंतीत बसवलेलं कपाट. छत पांढरं, एलआरव्ही ८५. तीन भिंती मध्यम निळसर, ४५. पलंगामागची ९ बाय ९ ची भिंत हायलाइट म्हणून गडद निळी, १२. कपाट आणि दार गडद लाकडी लॅमिनेटचं, १०. फरशी ५०. खिडकीच्या काचेतून प्रकाश बाहेर निघून जातो, म्हणून तिलाही १० धरू.

सगळे पृष्ठभाग मिळून ५२२ चौरस फूट होतात. सरासरी येते ०.४२ आणि भागाकाराचं उत्तर ०.७३.

घरात चर्चा होते की खोली कोंदट वाटते, तर भिंती शुभ्र करू. हायलाइट भिंत मात्र आवडती आहे, ती राहू दे, आणि कपाटाला हात लावायचा नाही. म्हणून उरलेल्या भिंती ४५ वरून थेट ८५ वर नेल्या. सरासरी ०.५६ झाली, उत्तर १.२९. म्हणजे टप्प्यांचा प्रकाश पहिल्यापेक्षा पाऊणपटीने वाढला. वाईट नाही.

दुसरा मार्ग असा. शुभ्र पांढरा नकोच. चारही भिंती ७० एलआरव्हीच्या सौम्य शेडमध्ये, हायलाइट भिंतसुद्धा त्याच शेडमध्ये. कपाट आणि दार ६५ च्या, भिंतीच्याच कुळातल्या रंगात. छत आणि फरशी आहे तशी. सरासरी ०.६७, उत्तर २. पहिल्या अवस्थेच्या तुलनेत टप्प्यांचा प्रकाश पावणेतीनपट.

भिंती आधीच्या पर्यायाइतक्या पांढऱ्या नसूनही खोली जास्त उजळली. कारण आधी एक भिंत, कपाट आणि दार मिळून १४४ चौरस फूट पृष्ठभाग जवळजवळ सगळा प्रकाश गिळत होता. म्हणून मी नेहमी सांगते की भिंतीच्या शेडवर महिनाभर खल करण्याआधी खोलीतला सर्वांत गडद मोठा पृष्ठभाग शोधा. बहुतेक घरांत तो कपाटाचा दर्शनी भाग असतो. लॅमिनेट बदलणं जड जात असेल, तर नीट घासून, लॅमिनेटवर धरणारा प्रायमर लावून त्यावर रंग देता येतो.

हा हिशेब ढोबळ आहे हेही नोंदवून ठेवते. तो खोली रिकामी आहे असं मानतो. पलंग, पुस्तकं, कपडे प्रकाश गिळतात. शिवाय डोळा प्रकाशाला सरळ प्रमाणात दाद देत नाही. पावणेतीनपट प्रकाश डोळ्याला पावणेतीनपट वाटत नाही, बराच कमी वाटतो. आणि खिडकीतून थेट येणारा प्रकाश तेवढाच राहतो, फक्त टप्प्यांचा वाढतो. पण दोन पर्यायांपैकी कोणता बरा, हे ठरवायला हा हिशेब पुरतो, आणि कागद-पेन्सिल घेऊन तो पंधरा मिनिटांत होतो.

छताबद्दल एक समज फार पक्का आहे. छत भिंतींपेक्षा ठळकपणे पांढरं असलं तरच उंच वाटतं, असं म्हणतात. २०१० मध्ये ओबरफेल्ड, हेख्ट आणि गामर या संशोधकांनी खोलीच्या भासणाऱ्या उंचीवर प्रयोग करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. छत फिकट केलं की खोली उंच वाटली, आणि भिंती फिकट केल्या तरीही उंच वाटली. दोन्ही परिणाम एकमेकांत मिळवले गेले. छत आणि भिंत यांच्यात फरक असला पाहिजे, ही अट दिसली नाही. फरशीच्या फिकटपणाचा उंचीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. म्हणजे फरशी थोडी गडद असली तर उंचीसाठी जीव जाळायचं कारण नाही, आणि छताच्या कडेला रंगाची ठसठशीत रेघ ओढण्याचंही.

आता शांतपणाकडे. आपली नजर सपाट रंगावरून सरकत जाते आणि जिथे फिकट-गडदाची पायरी येते तिथे थांबते. खोलीत अशा पायऱ्या किती आहेत आणि किती उंच आहेत, यावर ती शांत वाटते की गजबजलेली, हे बरंचसं ठरतं. मोठ्या खोलीत या पायऱ्या एकमेकींपासून लांब असतात. छोट्या खोलीत दाराची चौकट, कपाटाची कड, स्कर्टिंग, खिडकीची चौकट, पडद्याची बाजू सगळं दोन-दोन फुटांवर येतं. प्रत्येक कड वेगळ्या रंगात अधोरेखित केली, की नजरेला बसायला जागाच उरत नाही.

माझा ठोकताळा असा आहे. एकमेकांना लागून असलेल्या मोठ्या पृष्ठभागांच्या एलआरव्हीमध्ये १५ पेक्षा जास्त फरक ठेवू नये, फरशीशी २० पर्यंत चालतो. वरच्या उदाहरणात भिंत ७०, कपाट ६५, छत ८५, फरशी ५० हे आकडे त्याच हिशेबाने धरले आहेत. स्कर्टिंग भिंतीच्या रंगात रंगवलं की भिंत जमिनीपर्यंत पोचते, तिला खालून कापणारी पट्टी नाहीशी होते. पडदा भिंतीच्या जवळच्या रंगाचा आणि छताजवळून जमिनीपर्यंत असेल तर तो भिंतीचाच भाग होतो. दाराची चौकटही भिंतीत विरघळू द्यावी. गडद रंगाची हौस असेल तर ती उशी, दिवा, चित्राची चौकट अशा लहान, सुट्या वस्तूंवर भागवावी. लहान वस्तू प्रकाश फार गिळत नाहीत आणि नजरेला थांबायला एखाद-दुसरी जागा हवीच असते, नाहीतर खोली बेचव होते.

हे तपासायला फोन पुरेसा आहे. दारात उभं राहून खोलीचा फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग निघून गेले की उरतात त्या फक्त फिकट-गडदाच्या पायऱ्या. ज्या कडा फोटोत सर्वांत आधी डोळ्यांत भरतात, त्या प्रत्यक्षातही तुम्हाला रोज टोचत असतात. रंग देण्याआधी असा एक फोटो काढून त्यातल्या तीन सर्वांत ठळक कडा ठरवल्या, तर निम्मं नियोजन झालं.

इथे एक अपवाद मनापासून सांगावासा वाटतो. घरात कमी दिसणारं, विशेषतः वृद्ध माणूस असेल, तर सगळं विरघळवून टाकणं धोक्याचं आहे. दार कुठे सुरू होतं, बटण कुठे आहे, हे फरकावरूनच कळतं. ब्रिटनमध्ये इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत दार आणि भिंत यांसारख्या पृष्ठभागांमध्ये एलआरव्हीचा ३० अंकांचा फरक सुचवलेला आहे. अशा घरात चौकट, मूठ आणि बटणांभोवतीची पट्टी मुद्दाम ठळक ठेवा आणि बाकीचं शांत ठेवा. खोली किंचित लहान वाटली तरी चालेल.

आकडा ठरला की मग रंग. छोट्या खोलीत भिंती समोरासमोर, जवळजवळ असतात. पिवळसर भिंतीवरून उडालेला प्रकाश पिवळसर होऊन समोरच्या पिवळसर भिंतीवर पडतो आणि तिथून आणखी पिवळा होऊन परत येतो. म्हणून कार्डावर हलका मलई वाटणारा रंग चार भिंतींना लावला की लोण्यासारखा पिवळा दिसतो, आणि फिकट गुलाबी शेड अंगावर येते. रंगाऱ्याने शेड चुकवली अशी तक्रार होते तेव्हा पुष्कळदा शेड बरोबर असते. हे कुठे कळतं? कोपऱ्यात. दोन भिंती मिळतात तिथे रंग बाकी भिंतीपेक्षा गडद, दाट दिसत असेल तर हेच चाललंय. यावरचा उपाय म्हणजे कार्डावर जी शेड आवडली तिच्यापेक्षा एक पायरी राखाडी, मंद शेड घ्यायची. कार्डावर ती जराशी निस्तेज वाटेल. खोलीत ती बरोबर आवडलेल्या रंगाजवळ जाऊन पोचते.

फिकट शेड एकमेकींसारख्याच दिसतात, पण प्रत्येकीत एक झाक असते. पिवळी, गुलाबी, हिरवी किंवा निळी. झाक ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे शेडचा तुकडा छपाईच्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहणं. एकटा पांढरा वाटणारा तुकडा कागदाशेजारी लगेच गुलाबी किंवा हिरवट दिसतो. ही झाक जुळवायची ती फरशीशी आणि लॅमिनेटशी, कारण त्या बदलणं अवघड असतं आणि त्यांच्यात निवडीला वाव थोडा असतो. रंगाच्या शेड मात्र हजारो असतात. म्हणून फरशी आधी, मग लॅमिनेट आणि पडद्याचं कापड, आणि भिंतीचा रंग सर्वांत शेवटी. गुलाबीसर बेज फरशीवर हिरवट झाकेचा पांढरा लावला तर दोन्ही मळकट दिसतात, आणि दोष कुणाचा हे नुसतं बघून सांगता येत नाही.

फिनिशबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहे. चकचकीत भिंत जास्त प्रकाश देते असं वाटतं. खरं तर परत येणारा प्रकाश मुख्यतः रंगाच्या एलआरव्हीवर ठरतो. चकाकी ठरवते ती तो प्रकाश कुठे जाईल हे. मॅट पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे पसरवतो. चकचकीत पृष्ठभाग त्यातला काही भाग आरशासारखा एकाच दिशेला पाठवतो, म्हणून भिंतीवर दिव्याचा पांढरा ठिपका आणि खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. हा ठिपका तुम्ही चाललात की तुमच्याबरोबर सरकतो. छोट्या खोलीत भिंत कायम हाताच्या अंतरावर असल्याने तो सतत नजरेत येतो. शिवाय पुट्टीच्या लाटा, सांधे, घासल्याच्या खुणा चकाकीवर उठून दिसतात, विशेषतः खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर, जिथे प्रकाश तिरका घसटत जातो.

म्हणून छताला पूर्ण मॅट. भिंतींना धुता येणारा मॅट, किंवा हात लागण्याची शक्यता जास्त असेल तर अंड्याच्या कवचाइतकी मंद चकाकी, जिला एगशेल म्हणतात. दार, चौकट, स्कर्टिंग आणि कपाट यांना सॅटिन, कारण ते रोज पुसावे लागतात. अगदी साधा मॅट कमरेच्या उंचीवर टिकत नाही; ओल्या फडक्याने घासला की घासलेल्या जागी चकाकणारा डाग राहतो. एकच रंग भिंतीला मॅटमध्ये आणि दाराला सॅटिनमध्ये घेतला तर दोन्हींत जो किंचित फरक दिसतो, तेवढा दार वेगळं कळायला पुरतो. ही जोडी मला सर्वांत जास्त आवडते. फिनिशची नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने देते, त्यामुळे एकीचा सॅटिन दुसरीच्या एगशेलसारखा निघू शकतो. तांत्रिक माहितीपत्रकात ६० अंशांच्या कोनातून मोजलेला चकाकीचा आकडा दिलेला असला तर तुलना त्यावरून करावी.

आणखी एक भिंत वेगळी लक्षात ठेवायची, ती म्हणजे खिडकी असलेली. तिच्यावर बाहेरचा प्रकाश थेट पडत नाही, तिला फक्त टप्प्यांचा मिळतो. डोळ्याला तिथे लखलखीत खिडकी आणि तिच्याभोवती काळपट भिंत असं दिसतं आणि तो शिणतो. हायलाइट भिंत चुकूनही इथे नको. उलट या भिंतीला बाकीच्यांपेक्षा किंचित फिकट शेड दिली तरी ती सारखीच दिसते.

चाचणीसाठी भिंतीवर हातभर पट्टा मारण्यापेक्षा मोठा जाड कागद बरा, साधारण ए३ आकाराचा. त्यावर दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. कागदाची पांढरी किनार कापून टाका, नाहीतर किनारीच्या तुलनेत प्रत्येक शेड गडद वाटते. मग तो कागद चारही भिंतींवर आळीपाळीने उभा लावा. टेबलावर आडवा ठेवून पाहिलेला रंग भिंतीवर तसा दिसत नाही, कारण आडव्या पृष्ठभागावर प्रकाश वेगळ्या कोनातून पडतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहा.

रात्रीची पाहणी टाळू नका. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० चा दिवा पिवळसर, ४००० चा मधला, ६५०० चा निळसर. दिवसा जुळलेले भिंत आणि लॅमिनेट २७०० च्या दिव्यात फटकून वागू शकतात, कारण त्यांच्या रंगद्रव्यांची घडण वेगळी असते. खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त असलेला दिवा रंग अधिक खरे दाखवतो. एका खोलीत वेगवेगळ्या केल्विनचे दिवे असतील तर एकाच शेडची भिंत दोन रंगांची दिसते, म्हणून आधी दिवे एकसारखे करा आणि मग शेड ठरवा.

हे सगळं जिथे खिडकी आहे तिथलं. ज्या खोलीला खिडकीच नाही, किंवा असून ती समोरच्या भिंतीला टेकलेली आहे, तिथे पांढरा रंग दिवसा करडा आणि मरगळलेला दिसतो. एलआरव्ही प्रकाश तयार करत नाही, आलेला परत देतो, इतकंच. अशा जागी आधी दिव्यांची सोय करावी, तीही छताच्या मध्यावर एक झगझगीत दिवा लावून नाही, तर भिंती उजळतील अशी. ते शक्य नसेल तर मोठी दाखवण्याचा हट्ट सोडून ती खोली शांत करावी. भिंती, छत, दार सगळं एकाच मध्यम, मंद शेडमध्ये, ३५-४० एलआरव्हीच्या आसपास आणि मॅट. कडा विरघळतात, पायऱ्या नाहीशा होतात. खोली मोठी वाटत नाही, पण तिच्यात निवांत बसता येतं, आणि झोपायच्या किंवा वाचायच्या जागेसाठी मी तरी हाच पर्याय आधी सुचवेन.